एजीएमची नोटीस, ८ सप्टेंबरची तारीख आणि प्रॉक्सी – कोणी अनुभवी आहे का इथे? (पुणे, प्रायव्हेट लिमिटेड)

पेठेतला_पुतण्या | ९ ऑगस्ट २०२५, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी, आमची घरचीच म्हणावी अशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, पुठ्ठ्याचे खोके आणि छपाई, रजिस्टर्ड ऑफिस नारायण पेठेत, कारखाना भोसरीत. आजोबा आणि त्यांच्या भागीदारांनी चालू केलेली, नंतर शेअर्स वाटत वाटत आता ४३ शेअरहोल्डर झालेत, एकूण २०,००० शेअर्स शंभर रुपयांचे. थोडे आमच्या घरातले, थोडे भागीदारांच्या घरातले, बाकी जुने कामगार आणि ओळखीपाळखीचे. एजीएमची नोटीस दरवर्षी एक जुने अकाउंटंट काढायचे ते मार्चमध्ये रिटायर झाले आणि ते काम आता माझ्या गळ्यात आलंय.

काका चेअरमन आहेत, त्यांनी ८ सप्टेंबर सोमवार सकाळी ११ ठरवलंय कारण अनंत चतुर्दशी ६ तारखेला शनिवारी आहे, मुंबईची आणि बाहेरची नातेवाईक मंडळी मिरवणूक बघायला येतातच, ती दोन दिवस थांबतील. मी मागच्या वर्षीची नोटीस बघून ड्राफ्ट केलाय, कृपया नजर टाका:

> सर्व भागधारकांना कळविण्यात येते की कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा सोमवार दि. ८ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी ११ वाजता रजिस्टर्ड ऑफिस येथे होईल. विषय – १) ३१ मार्च २०२५ अखेरचे हिशेब मंजूर करणे २) लाभांश जाहीर करणे ३) ऑडिटरच्या नेमणुकीस दरवर्षीप्रमाणे मान्यता देणे ४) अतिरिक्त संचालकांना कायम करणे ५) अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. प्रॉक्सी नेमायची असल्यास ती व्यक्ती भागधारकच असावी व फॉर्म सभेच्या ७२ तास आधी पोचावा.

चौथ्या विषयातले संचालक म्हणजे काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. जानेवारीत बोर्डाने घेतलाय. त्यावरून भागीदारांच्या घरात थोडी कुरबुर आहे, म्हणून नोटिशीत चूक राहायला नको असं वाटतंय.

---

भाऊ_भोसरी | ९ ऑगस्ट, ११:१५

माझी स्वतःची कंपनी तीस वर्षं होती त्यामुळे सांगतो. एक, २१ दिवसांची नोटीस लागते हे डोक्यात ठेवा. दोन, तुम्ही सोमवार घेतला ते बरं केलंत, रविवारी एजीएम घेता येत नाही, सुट्टीचा दिवस चालत नाही. तीन, ऑडिटरला दरवर्षी मान्यता द्यावीच लागते, तो विषय काढू नका. चार, आता सगळ्या कंपन्यांना ई-व्होटिंग कम्पल्सरी झालंय, त्याचं काय केलंत?

---

सोसायटी_सेक्रेटरी_कर्वेनगर | ९ ऑगस्ट, ११:३२

आमच्याकडे १४ दिवस आधी नोटीस लावतो जिन्याखाली बोर्डावर, आणि प्रॉक्सी तर अजिबात चालत नाही, फ्लॅट नवऱ्याच्या नावावर असेल तर बायको येऊन बसते पण मत देता येत नाही यावरून दरवर्षी भांडण. तुम्हाला प्रॉक्सी कोणी सांगितली? रजिस्ट्रारकडे तक्रार गेली तर अख्खी सभा रद्द होईल, जपून.

---

मिनिटबुक | ९ ऑगस्ट, दुपारी १:०५

मी कंपनी सेक्रेटरी म्हणून बावीस वर्षं काम केलंय, आता घरूनच थोडंफार बघते. कर्वेनगरकर, तुमचं बरोबर आहे पण ते सहकारी संस्थेचं, तो कायदा वेगळा. हे कंपनी कायदा २०१३ चं आहे आणि इथे प्रॉक्सी हा शेअरहोल्डरचा हक्क आहे.

पुतण्या, आधी तारखेचं बघू कारण तिथेच तुमचं गणित बसत नाहीये. २१ दिवस म्हणजे पूर्ण २१ दिवस मोकळे, ज्या दिवशी नोटीस पाठवली तो दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. ८ सप्टेंबरपासून मागे मोजा, १८ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर हे २१ दिवस होतात, म्हणजे ईमेलने पाठवणार असाल तर १७ ऑगस्टला नोटीस निघालेली पाहिजे. पोस्टाने किंवा कुरियरने पाठवणार असाल तर पोचायला आणखी दोन दिवस धरतात, म्हणजे १५ ऑगस्ट, आणि त्या दिवशी पोस्ट बंद, म्हणजे खरं तर १४ तारीख गुरुवार. आज ९ आहे. नोटिशीबरोबर ऑडिट झालेले हिशेब आणि बोर्डाचा रिपोर्ट जायला लागतो, तुमच्या हिशेबांवर ऑडिटरची सही झाली का? बोर्डाची मीटिंग झाली का? तिला वेगळी सात दिवसांची नोटीस असते, आज काढलीत तरी ती मीटिंग १७ च्या आसपास पडते.

भाऊ, तुमचं रविवारचं म्हणणं जुन्या १९५६ च्या कायद्यात खरं होतं, तिथे सार्वजनिक सुट्टी चालत नव्हती. २०१३ च्या कायद्यात फक्त राष्ट्रीय सुट्टी चालत नाही, रविवार चालतो. वेळ मात्र सकाळी ९ ते संध्याकाळी ६ मधलीच. ऑडिटरचं दरवर्षी मान्यता घेणं २०१८ च्या मे महिन्यात गेलं, एकदा पाच वर्षांसाठी नेमला की मधे परत विषय घ्यायचा नाही. ई-व्होटिंग लिस्टेड कंपन्यांना आणि हजार किंवा जास्त शेअरहोल्डर असलेल्यांना, यांच्याकडे ४३ आहेत.

---

पेठेतला_पुतण्या | ९ ऑगस्ट, १:४०

ताई खूप धन्यवाद, ऑडिटरची सही अजून बाकी आहे, ते म्हणतात २० तारखेपर्यंत होईल. ऑडिटर २०२२ च्या एजीएमला पाच वर्षांसाठी नेमलेत, म्हणजे विषय ३ उडवतो. पण काकांना आता ८ तारीख बदला म्हणून कसं सांगू हा प्रश्न आहे, त्यांनी फोन करून निम्म्या लोकांना सांगितलंय पण.

---

मिनिटबुक | ९ ऑगस्ट, २:२०

फोनवर सांगितलेलं नोटीस म्हणून धरत नाहीत. कमी दिवसांच्या नोटिशीने एजीएम घेता येते पण त्याला ९५ टक्के सभासदांची संमती लागते, लेखी किंवा ईमेलवर. ४३ पैकी ४१ जण. दोनच माणसं नाही म्हणू शकतात, तिसरा नाही म्हणाला की संपलं. तुमच्याकडे कुरबुर आहे म्हणता, मग त्या वाटेला जाऊ नका.

आणि काकांना सांगायला आणखी एक कारण देते, ते त्यांना पटेल. प्रॉक्सीचा फॉर्म सभेच्या ४८ तास आधीपर्यंत द्यायचा असतो. ८ सप्टेंबर सकाळी ११ वाजता सभा म्हणजे शेवटची वेळ ६ सप्टेंबर सकाळी ११. शनिवार, अनंत चतुर्दशी, आणि ऑफिस नारायण पेठेत! सुट्टी आहे म्हणून फॉर्म घेणार नाही असं म्हणता येत नाही, शेवटचा दिवस सुट्टीचा आला तरी फॉर्म स्वीकारायचाच असा नियम आहे. म्हणजे त्या दिवशी सकाळी कोणीतरी ऑफिस उघडून बसायला पाहिजे, आणि फॉर्म घेऊन येणारा माणूस बंद रस्त्यांतून चालत तिथपर्यंत यायला पाहिजे. भागीदारांच्या घरातला कोणी आला, शटर बंद दिसलं, त्याने शटरचा फोटो काढला, की तुमच्या चौथ्या ठरावावर वाद सुरू.

---

नदीपात्र | ९ ऑगस्ट, २:५५

हे अगदी खरं, मी लक्ष्मी रोडच्या मागे राहतो. चतुर्दशीला सकाळी मंडईतून मानाचे गणपती निघाले की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्याकडे दूधवाला सुद्धा येत नाही. कुरियर विसराच.

---

पेठेतला_पुतण्या | ९ ऑगस्ट, रात्री ९:१०

काकांशी बोललो. चतुर्दशीचा मुद्दा ऐकला आणि एकदम गप्प झाले, मग म्हणाले मग पुढे घे पण पितृपक्षात नको. पितृपक्ष ८ ते २१ सप्टेंबर. म्हणजे २२ च्या पुढे, ३० च्या आत.

अजून एक, ड्राफ्टमध्ये ७२ तास मी मागच्या नोटिशीतूनच उचललं होतं, ताईंनी ४८ सांगितलं. ७२ ठेवलं तर काय होतं? लवकर आलं तर आम्हाला तपासायला सोपं.

---

मिनिटबुक | १० ऑगस्ट, सकाळी ८:३०

४८ तासांपेक्षा जास्त मागणारी अट कायद्यापुढे टिकत नाही, आर्टिकल्समध्ये म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत लिहिली असली तरी. सभासदाने ५० तास आधी आणून दिला आणि तुम्ही नाही घेतला तर चूक तुमची. तसंच "प्रॉक्सी भागधारकच असावा" हे वाक्य उलटं आहे. प्रॉक्सी सभासद असण्याची गरज नाही, आणि ही गोष्ट नोटिशीत ठळकपणे लिहायलाच लागते. ती नाही लिहिली तर दंड आहे.

"ऐनवेळचे विषय" पण काढा. सोसायटीत चालतं ते इथे नाही, नोटिशीत जे नाही त्यावर ठराव होत नाही. आणि विषय ४, तुमच्या चुलतभावाचा, हा विशेष कामकाजात येतो, त्याला वेगळं निवेदन जोडायचं. त्यात स्पष्ट लिहायचं की हे चेअरमनांचे चिरंजीव आहेत आणि चेअरमनांचा यात संबंध आहे. लपवलंत तर तिथेच पकडतील, सगळ्यांना माहीतच आहे तर लिहायला काय जातंय.

आणि हो, आर्टिकल्स एकदा वाचा. प्रायव्हेट कंपनीला नोटीस, प्रॉक्सी, मतदान यातल्या बऱ्याच कलमांत आर्टिकल्समध्ये वेगळं लिहिलं असेल तर ते लागू होतं. काही लिहिलं नसेल तर मी सांगतेय ते.

---

दापोली_टू_डेक्कन | १० ऑगस्ट, ९:१५

विषय निघालाच आहे तर विचारतो. माझे वडील गेल्या वर्षी वारले, त्यांचे एका कंपनीत थोडे शेअर्स होते, अजून माझ्या नावावर झालेले नाहीत, कागदपत्रं चालू आहेत. यंदा नोटीस आलीच नाही. मी फोन केला तर म्हणाले तुम्ही सभासद नाही. मी प्रॉक्सी म्हणून माझ्या मेव्हण्याला पाठवू का?

---

मिनिटबुक | १० ऑगस्ट, ९:५०

कंपनीला वडील गेल्याचं कळवलेलं असेल तर नोटीस कायदेशीर वारसाला पाठवायला हवी होती, ते चुकले. पण मत द्यायला आणि प्रॉक्सी नेमायला नाव रजिस्टरवर लागतं, त्यामुळे मेव्हण्याला पाठवून उपयोग नाही. आधी ट्रान्समिशन पूर्ण करून घ्या.

पुतण्या, तुमच्या यादीतही असं कोणी वारलेलं आहे का बघा. नोटीस सभासदांना, वारसांना, सगळ्या संचालकांना आणि ऑडिटरला, एवढ्यांना जाते. जॉइंट नावं असतील तर पहिल्या नावाला.

---

गणेशखिंड | १० ऑगस्ट, ११:०५

माझा अनुभव सांगतो म्हणजे कोणी त्यात पडू नये. चार वर्षांपूर्वी एका कंपनीच्या एजीएमला मी सहा जणांच्या प्रॉक्सी घेऊन गेलो होतो, सगळे वयस्कर, फॉर्म भरलेले, वेळेत दिलेले, सगळं व्यवस्थित. एका ठरावावर आम्हाला विरोध करायचा होता. चेअरमन म्हणाले हात वर करा. मी हात वर केला, माझं एक मत धरलं. मी म्हटलं माझ्याकडे सहा प्रॉक्सी आहेत, तर ते म्हणाले हात वर करून होणाऱ्या मतदानात प्रॉक्सीला मत नाही, आणि निकाल जाहीर केला. मग मी म्हटलं पोल घ्या, तर म्हणाले आता निकाल जाहीर झाला, उशीर झाला. सहा म्हाताऱ्या माणसांकडून मी घरोघर फिरून सह्या घेतल्या होत्या, त्यांना परत येऊन काय सांगायचं. घरी येऊन कायदा वाचला, ते बरोबर होते. नोटिशीत मात्र याबद्दल एक अक्षर नव्हतं.

---

पेठेतला_पुतण्या | १० ऑगस्ट, ११:३०

अरे बापरे, मला वाटलं होतं प्रॉक्सी म्हणजे त्याचे शेअर्स आपोआप मोजले जातात. काकांचा बेत असा आहे की मुंबईच्या आत्या (वय ७८, त्यांचे २,६०० शेअर्स आहेत) आणि अजून बारा जुनी माणसं मिळून सगळ्यांच्या प्रॉक्सी काकांनी स्वतःच घ्यायच्या. त्या बाराजणांचे मिळून २,०५० शेअर्स. हात वर करून घेतलं तर भागीदारांच्या घरातली माणसं संख्येने जास्त आहेत, पण शेअर्स आमच्याकडे जास्त.

---

मिनिटबुक | १० ऑगस्ट, दुपारी १२:४०

गणेशखिंड, तुमच्याशी वागले ते कायद्याने बरोबर असलं तरी नोटिशीत दोन ओळी लिहायला काही खर्च नव्हता, आणि मी नोटीस करते तेव्हा त्या दोन ओळी लिहितेच.

पुतण्या, नीट ऐका. हात वर करून मतदान म्हणजे एक माणूस एक मत, शेअर्स कितीही असोत. त्यात प्रॉक्सीला मत नाही. पोल मागितला की मग शेअर्सप्रमाणे मोजतात आणि प्रॉक्सीची मतं धरतात. पोल चेअरमन स्वतःहून घेऊ शकतात, किंवा एकूण मतांच्या दहावा हिस्सा असलेले सभासद मागू शकतात, ते स्वतः हजर असोत की प्रॉक्सीतून. तुमच्याकडे दहावा हिस्सा म्हणजे २,००० शेअर्स. मागणी निकाल जाहीर व्हायच्या आत किंवा जाहीर होताना करायची, नंतर नाही. आणि प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही, फक्त पोलमध्ये मत देता येतं.

आता काकांचा बेत. एका माणसाला जास्तीत जास्त ५० सभासदांची प्रॉक्सी घेता येते आणि त्या सगळ्यांचे मिळून शेअर्स कंपनीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. तुमचे दहा टक्के म्हणजे २,००० शेअर्स. बाराजणांचे २,०५० आहेत म्हणजे काकांच्या हातात पन्नास शेअर्स जास्त होतात, एक माणूस दुसऱ्याकडे द्या. आत्यांचे २,६०० म्हणजे तेरा टक्के, ज्याच्याकडे दहा टक्क्यांहून जास्त आहेत तो एकाच माणसाला प्रॉक्सी नेमू शकतो पण तो माणूस मग दुसऱ्या कोणाचाही प्रॉक्सी होऊ शकत नाही. म्हणजे आत्यांसाठी वेगळा माणूस पाहिजे. त्यांचा मुलगा, जावई, कोणीही, सभासद नसला तरी चालेल.

---

भाऊ_भोसरी | १० ऑगस्ट, ४:१०

ई-व्होटिंगचं मी चुकलो, मान्य. पण एक विचारतो, एवढ्या ४३ लोकांची सभा नारायण पेठेतल्या ऑफिसात कशी बसणार, माझ्या मते भोसरीच्या कारखान्यात घ्या, पार्किंग आहे, हॉल आहे.

---

नदीपात्र | १० ऑगस्ट, ४:३०

भोसरी पिंपरी-चिंचवडला येते, ते "त्याच शहरात" धरतात का पण?

---

मिनिटबुक | १० ऑगस्ट, ५:००

इथे मी ठामपणे सांगणार नाही. रजिस्टर्ड ऑफिस किंवा ते ज्या शहरात आहे त्या शहरात कुठेही, असा कायदा आहे. कोणी म्हणेल पुणेच आहे सगळं, पण महापालिका वेगळी आहे आणि भांडायचंच म्हणणाऱ्याला तेवढं पुरतं. लिस्टेड नसलेल्या कंपनीला भारतात कुठेही घेता येते, पण सगळ्या सभासदांची आधी लेखी किंवा ईमेलने संमती पाहिजे, सगळ्यांची म्हणजे ४३ पैकी ४३. तुमच्या परिस्थितीत पेठेतलाच एखादा छोटा हॉल घ्या आणि नोटिशीबरोबर रस्त्याचा नकाशा आणि जवळची ठळक खूण द्या, ती द्यायचीच असते. पेठेतल्या बोळांत बाहेरून आलेल्या माणसाला हॉल सापडत नाही.

---

भाऊ_भोसरी | १० ऑगस्ट, ५:२०

मला अजूनही वाटतं भोसरी चालेल. आमच्या ओळखीच्या दोन कंपन्या दरवर्षी घेतात, कोणी काही म्हणत नाही.

---

पेठेतला_पुतण्या | ११ ऑगस्ट, १०:२०

अमेरिकेत दोन चुलतभाऊ आहेत, ते म्हणतात झूमवर घ्या ना सगळंच, कशाला प्रॉक्सीची कटकट.

---

मिनिटबुक | ११ ऑगस्ट, ११:००

व्हिडिओवर घ्यायला सरकारच्या परिपत्रकाने यंदा ३० सप्टेंबरपर्यंत परवानगी आहे. पण पूर्ण व्हिडिओवर घेतली तर प्रॉक्सीची सोय राहत नाही, प्रत्येकाने स्वतः जॉईन व्हायचं. ७८ वर्षांच्या आत्या आणि जुने कामगार स्वतः झूमवर येऊन पोलला ठरलेल्या ईमेलवर मत पाठवतील का, हे तुम्हीच सांगा. मी असते तर हॉल घेतला असता.

अमेरिकेतल्यांसाठी फॉर्म आत्ताच कुरियर करा. प्रॉक्सीचा फॉर्म म्हणजे एमजीटी-११, त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, तो त्यांना तिकडे कुठे मिळणार, तर तुम्हीच लावून पाठवा. सही स्टॅम्पवरून आडवी जाईल अशी करायला सांगा, स्टॅम्प रद्द झालेला दिसला पाहिजे. सही स्टॅम्पच्या बाजूला मोकळ्या जागेत केली की फॉर्म बाद. तारीख नसेल तर बाद. प्रॉक्सीचं नाव कोरं ठेवून "तुम्हीच भरा" म्हणून पाठवला तर तोही बाद धरायचा. माझ्याकडे एका वर्षी नऊ फॉर्म आले त्यातले चार या स्टॅम्पच्या पायी गेले, लोकांनी सही इतकी व्यवस्थित, सुंदर, स्टॅम्पच्या खाली केली होती.

---

गणेशखिंड | ११ ऑगस्ट, ११:२५

स्कॅन करून ईमेलने पाठवला तर?

---

मिनिटबुक | ११ ऑगस्ट, ११:४०

यावर माझ्या ओळखीतल्या सेक्रेटरींमध्येही दोन मतं आहेत. काही जण घेतात, काही मूळ कागदच मागतात. कायद्यात लेखी आणि सही केलेला एवढं आहे. नोटिशीत "मूळ फॉर्म, स्टॅम्पसह" असं स्पष्ट लिहिलंत तर प्रश्नच येत नाही.

---

पेठेतला_पुतण्या | २३ ऑगस्ट, रात्री ८:१५

आज बोर्डाची मीटिंग झाली, हिशेब पास, नोटीस पास, तारीख २८ सप्टेंबर रविवार सकाळी ११. हॉल पेठेतलाच. मी मोजलं, ७ ते २७ सप्टेंबर २१ दिवस, ईमेल ६ तारखेपर्यंत, पोस्ट ४ तारखेपर्यंत. पण ६ ला परत चतुर्दशीच! म्हणून सगळं ३ तारखेला बुधवारीच पाठवतोय, सगळ्यांना स्पीड पोस्ट. ज्यांचे ईमेल आहेत त्यांना पीडीएफ पण. आर्टिकल्स वाचले, या बाबतीत वेगळं काही नाही.

मतदान आणि प्रॉक्सीचा भाग असा लिहिलाय:

> सभेस हजर राहण्याचा व मत देण्याचा हक्क असलेल्या सभासदास आपल्या ऐवजी हजर राहून पोलमध्ये मत देण्यासाठी प्रॉक्सी नेमता येईल. प्रॉक्सी कंपनीचा सभासद असण्याची गरज नाही. प्रॉक्सीचा मूळ फॉर्म पूर्ण भरून, तारीख घालून, रेव्हेन्यू स्टॅम्पवरून सही करून शुक्रवार दि. २६ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी ११ पर्यंत रजिस्टर्ड ऑफिसमध्ये पोचला पाहिजे. एका व्यक्तीस ५० पेक्षा जास्त सभासदांची किंवा एकूण २,००० पेक्षा जास्त शेअर्सची प्रॉक्सी घेता येणार नाही. २,००० पेक्षा जास्त शेअर्स असलेल्या सभासदाने एकाच व्यक्तीस नेमावे व त्या व्यक्तीने इतर कोणाची प्रॉक्सी घेऊ नये. ठरावांवर प्रथम हात वर करून मतदान होईल, त्यात प्रत्येक हजर सभासदास एक मत असून प्रॉक्सीस मत नाही. पोल झाल्यास शेअर्सप्रमाणे मते मोजली जातील व प्रॉक्सीची मते धरली जातील. पोलची मागणी निकाल जाहीर होण्याच्या आत करावी.

---

मिनिटबुक | २३ ऑगस्ट, ९:००

चांगलं लिहिलंय. एवढंच लक्षात ठेवा की कोणी सभासदाने तीन दिवस आधी लेखी कळवलं तर सभेच्या २४ तास आधीपासून सभा संपेपर्यंत त्याला आलेले सगळे प्रॉक्सी फॉर्म बघू द्यावे लागतात. भागीदारांकडचे मागतील असं धरून फाइल नीट लावा. आणि एकाच सभासदाचे दोन फॉर्म आले तर नंतरच्या तारखेचा खरा, दोन्हीवर एकच तारीख असेल आणि वेळ लिहिलेली नसेल तर दोन्ही बाद. येईल तसा प्रत्येक फॉर्मवर तारीख आणि वेळ टाका.

मिठाईचे पुडे देता का तुम्ही सभेत?

---

पेठेतला_पुतण्या | २३ ऑगस्ट, ९:१०

हो ना, दरवर्षी अर्धा किलो. का?

---

मिनिटबुक | २३ ऑगस्ट, ९:२०

सभेत किंवा सभेच्या निमित्ताने सभासदांना भेटवस्तू देता येत नाही.

---

भाऊ_भोसरी | २३ ऑगस्ट, ९:४५

चहा-बटाटेवडा भेटवस्तू नाही ना!

---

मिनिटबुक | २३ ऑगस्ट, ९:५०

चहा-नाश्ता मी तरी कधी थांबवला नाही. घरी न्यायचा पुडा थांबवला.

---

पेठेतला_पुतण्या | २८ सप्टेंबर, रात्री १०:३०

झाली सभा. शुक्रवारी ११ पर्यंत तेरा फॉर्म आले, आत्यांचा त्यांच्या जावयाच्या नावाने, वेळेत. एक बाद, स्टॅम्प होता पण सही त्याच्या खाली. एक साडेबाराला आला, काकांच्या अगदी जवळच्या मित्राचा होता, काका म्हणाले घे रे दीड तासानं काय होतंय, मी नाही घेतला, काकांना राग आला पण काही बोलले नाहीत. भागीदारांच्या घरातल्या एकाने २४ तारखेला बुधवारी सकाळी फॉर्म बघायचं पत्र दिलं होतं, ते काल येऊन एक तास बसून सगळे बघून गेले, वेळेच्या शिक्क्यावर बोट ठेवून ठेवून.

विषय ४ वर हात वर करून ८ बाजूने, १५ विरोधात. निकाल सांगायच्या आत काकांनी स्वतःच पोल घेतला. मोजणीला भागीदारांच्या घरातलाही एक माणूस बसवला. १०,७५० बाजूने, ४,८७० विरोधात.

---

दापोली_टू_डेक्कन | २८ सप्टेंबर, १०:५०

अभिनंदन. पण १५ जण विरोधात उभे राहिले तेही महत्त्वाचं नाही का? पैशाने मतं मोजली एवढंच झालं.

---

पेठेतला_पुतण्या | २८ सप्टेंबर, ११:०५

खरं आहे. सभेनंतर त्यातल्या चौघांशी मी बोलत उभा होतो, त्यांचं म्हणणं मुलाबद्दल नव्हतंच, जानेवारीत बोर्डाने घेतला तेव्हा आम्हाला कोणी एक फोनसुद्धा केला नाही हे होतं. काकांना उद्या सांगणार आहे. ताई, मिनिट्स लिहायला घेतलीत, पोलचा आकडा आणि हात वर केलेला आकडा दोन्ही लिहायचे का?